इतिवृत्तात संचालकाचा विरोध नोंदवताना वाद पुन्हा पेटतो तेव्हा

लक्षण ओळखीचं आहे. ठराव बहुमताने मंजूर झाला, सभा संपली, आठवड्याभरात इतिवृत्ताचा मसुदा संचालकांना गेला. विरोधात मत दिलेल्या संचालकांचं उत्तर येतं: "माझं म्हणणं पूर्ण आलेलं नाही, सोबतचा मजकूर घालावा." सोबतचा मजकूर दीड पानाचा असतो आणि तो 'रिप्लाय ऑल' करून सगळ्यांना गेलेला असतो. मग व्यवस्थापकीय संचालक प्रत्येक मुद्द्याला उत्तर लिहितात आणि तेही इतिवृत्तात घ्या म्हणतात. तिसरे संचालक लिहितात की सभेत असं कोणी म्हणालंच नव्हतं. मसुद्याची चौथी आवृत्ती फिरू लागते आणि जी चर्चा मतदानाने संपली होती ती आता ई-मेलवर, अध्यक्षांशिवाय, नव्याने सुरू होते. दरम्यान मिनिट बुकमध्ये नोंद करायची ३० दिवसांची मुदत संपत येते.

दर दोन-तीन सभांनंतर हे होत असेल, तर दोष बहुतेक वेळा संचालकांच्या स्वभावात नसतो, विरोध ज्या रीतीने नोंदवला जातो त्या रीतीत असतो. खाली दिलेलं सगळं कंपनी कायदा, २०१३ आणि संचालक मंडळाच्या सभांसाठीचं सचिवीय मानक एसएस-१ धरून आहे.

आधी एवढं पक्कं करा: कायद्याला काय हवं आहे

कलम ११८(४) नुसार मंडळाच्या सभेच्या इतिवृत्तात उपस्थित संचालकांची नावं हवीत आणि प्रत्येक ठरावाबाबत विरोध करणाऱ्या किंवा सहमत नसलेल्या संचालकांची नावं हवीत. एसएस-१ त्यात तटस्थ राहिलेल्यांचीही भर घालतं. म्हणजे नाव आणि विरोधाची वस्तुस्थिती सक्तीची आहे. ती गाळण्याचा अधिकार कोणालाच नाही, अध्यक्षांनाही नाही.

कारणांचं तसं नाही. एखाद्या संचालकाने, विशेषतः स्वतंत्र संचालकाने, आपलं म्हणणं नोंदवाच असा आग्रह धरला तर ते नोंदवायचं. मात्र ते कोणाची बदनामी करणारं, सभेच्या कामाशी असंबद्ध किंवा बिनमहत्त्वाचं, किंवा कंपनीच्या हिताला बाधक नसावं. हे ठरवण्याचा पूर्ण विवेकाधिकार कलम ११८(५) आणि (६) अन्वये अध्यक्षांचा आहे.

आता संचालक आग्रह का धरतात तेही बघा, कारण तो निव्वळ हट्ट नसतो. कायद्यातल्या 'कसूरदार अधिकारी' या व्याख्येत असा संचालकही येतो, ज्याला मंडळाच्या कामकाजातून उल्लंघन कळलं होतं, किंवा जो आक्षेप न घेता त्या कामकाजात सहभागी झाला होता. स्वतंत्र संचालकांसाठीच्या चौथ्या अनुसूचीत तर स्पष्ट लिहिलं आहे की न सुटलेल्या शंका इतिवृत्तात नोंदवल्या जाव्यात असा आग्रह त्यांनी धरायचा आहे. तेव्हा "मॅडम, नाव आलंय ना, मग कशाला ताणता?" हे उत्तर चुकीचं आहे. त्यांना कारणं नोंदवून हवी असतील तर ती नोंदवायलाच हवीत. प्रश्न फक्त कधी आणि किती, एवढाच.

मूळ बिघाड कुठे आहे

बिघाड सभेतच होतो, मसुद्यात तो फक्त दिसतो. सभेत संचालक वीस मिनिटं बोलतात, शेवटी म्हणतात, "माझा विरोध नोंदवून घ्या," आणि अध्यक्ष पुढच्या विषयाकडे वळतात. नेमकं काय नोंदवायचं हे त्या क्षणी कोणी ठरवत नाही. मग कंपनी सेक्रेटरी चार दिवसांनी स्वतःच्या टिपणांवरून त्या वीस मिनिटांचा सारांश करतात. सारांश कितीही प्रामाणिक असला तरी तो दुसऱ्याच्या तोंडचा असतो. संचालकांना तो अपुरा वाटतो आणि बाकीच्यांना जास्त. इथून सगळं घसरतं.

उपाय असा की विरोधाचा मजकूर सभा चालू असतानाच, मतदान झाल्यावर आणि पुढचा विषय सुरू होण्याआधी, संचालकांच्या स्वतःच्या शब्दांत घ्यायचा आणि तिथेच वाचून दाखवायचा. या कामाला तीन-चार मिनिटं लागतात.

मतदानानंतर, हे महत्त्वाचं आहे. मतदानाआधी कारणं नोंदवायला घेतली तर तो चर्चेचाच भाग होतो. समोरचे उत्तर देतात, संचालक आणखी एक मुद्दा घालतात, कारण अजून मन वळवण्याची शक्यता असते. निकाल जाहीर झाल्यावर कोणाचं मन वळवायचं उरत नाही, त्यामुळे बोलणारा आपोआप थोडक्यात बोलतो.

क्रम असा ठेवा. अध्यक्ष ठराव मतास टाकतात. निकाल नावांसह जाहीर करतात: "बाजूने पाच, विरोधात श्रीमती अमुक, तटस्थ श्री. तमुक, ठराव बहुमताने मंजूर." व्हिडिओ कॉन्फरन्सिंगच्या सभेत प्रत्येक विषयाच्या शेवटी निर्णयाचा सारांश आणि विरोध करणाऱ्यांची नावं जाहीर करणं नियमानेच अध्यक्षांवर बंधनकारक आहे. हीच सवय प्रत्यक्ष सभेतही लावून घेतली तर अर्धं काम होतं. मग अध्यक्ष विचारतात: "फक्त नाव नोंदवायचं की कारणंही? कारणं हवी असतील तर आत्ताच दोन-तीन वाक्यांत सांगा, सेक्रेटरी लिहून घेतील आणि वाचून दाखवतील. यावर आता चर्चा होणार नाही." सेक्रेटरी लिहून घेतात, मोठ्याने वाचतात, संचालक "बरोबर आहे" म्हणतात. तेवढ्यात कोणी म्हणालंच, "पण याचं उत्तर मी दिलं होतं," तर अध्यक्षांनी एवढंच सांगायचं: "ते चर्चेच्या भागात येईल." आणि पुढचा विषय पुकारायचा.

दोन-तीन वाक्यांची मर्यादा कायद्यात कुठेही नाही, ती सोयीची आहे. पण ती सगळ्यांना, सगळ्या सभांत, सारखीच लावा. एकाला तीन वाक्यं आणि दुसऱ्याला एक पान, असं एकदा झालं की पुढच्या वेळी मर्यादेवरूनच भांडण होतं.

"मंजूर, पण…"

मतदानाच्या वेळीच पकडायची एक वेगळी अडचण आहे. काही संचालक म्हणतात, "माझी हरकत नाही, पण माझ्या शंका नोंदवा." हे मत बाजूने, विरोधात की तटस्थ? सेक्रेटरींनी नंतर स्वतःच अर्थ लावला की तो चुकीचाच ठरतो. अध्यक्षांनी तिथेच विचारावं: "ठरावाच्या बाजूने मत आणि सोबत निरीक्षण, असं लिहू, की विरोधात?" उत्तर येईपर्यंत निकाल जाहीर करू नये. निरीक्षणासह बाजूने दिलेलं मत हे बाजूचंच मत असतं आणि विरोधकांच्या यादीत ते नाव जात नाही, हेही त्याच वेळी सांगून टाकावं. दोन महिन्यांनी काही बिनसलं की याच नावावर सगळ्यांचं बोट जातं.

शब्द कुठे चुकतात: एक उदाहरण

समजा सात संचालकांचं मंडळ आहे, सगळे हजर आहेत. विषय: १८ कोटी रुपयांच्या यंत्राच्या ऑर्डरवर ३० टक्के, म्हणजे ५ कोटी ४० लाख, आगाऊ रक्कम बँक गॅरंटीशिवाय देणं. पाच बाजूने, एक स्वतंत्र संचालिका विरोधात, एक तटस्थ. नेहमी दिसणारा मसुदा असा:

> श्रीमती (नाव) यांनी प्रस्तावास तीव्र आक्षेप घेतला व पुरवठादाराच्या विश्वासार्हतेबद्दल शंका उपस्थित केली. तथापि व्यवस्थापकीय संचालकांनी सर्व शंकांचे समाधानकारक निरसन केले. सखोल चर्चेअंती ठराव बहुमताने मंजूर करण्यात आला.

तीन वाक्यं, आणि भांडणाला चार जागा. 'तीव्र' हा शब्द संचालिकेच्या स्वराबद्दल आहे, मुद्द्याबद्दल नाही. 'विश्वासार्हतेबद्दल शंका' हे त्या म्हणाल्या त्यापेक्षा कितीतरी मोठं विधान आहे. त्यांनी गॅरंटी नाही एवढंच म्हटलं होतं. इथे मात्र तिसऱ्या पक्षावर ठपका ठेवल्यासारखं झालं, आणि तो त्यांच्या नावावर. 'समाधानकारक निरसन' सर्वांत घातक: समाधान झालं असतं तर त्यांनी विरोधात मत का दिलं असतं? हा निवाडा सेक्रेटरींनी स्वतःच्या पदरचा घातला आहे. आणि चौथी जागा म्हणजे जे लिहिलंच नाही ते. विरोधात मत कोणाचं पडलं हे मजकुरात कुठेही स्पष्ट नाही आणि तटस्थ संचालक तर गायबच आहेत. आक्षेप घेणं म्हणजे विरोधात मत देणं नव्हे. आक्षेप घेऊन शेवटी बाजूने मत देणारेही असतात.

'तथापि' हा शब्द मला इतिवृत्तात कुठेच आवडत नाही. तो आला की आधीचं वाक्य हरलेलं आणि नंतरचं जिंकलेलं वाटतं.

तोच मजकूर असा लिहिता येतो:

> आगाऊ रकमेबाबत चर्चा झाली. बँक गॅरंटी घेतल्यास यंत्राची किंमत २ टक्क्यांनी वाढेल आणि यंत्र ८ महिन्यांत मिळणे आवश्यक आहे, असे व्यवस्थापकीय संचालकांनी सांगितले. ठराव मतास टाकण्यात आला. बाजूने ५, विरोधात श्रीमती (नाव), तटस्थ श्री. (नाव). ठराव बहुमताने मंजूर झाल्याचे अध्यक्षांनी जाहीर केले.
>
> [ठरावाचा मजकूर]
>
> श्रीमती (नाव) यांनी विरोधाची कारणे पुढीलप्रमाणे नोंदवण्यास सांगितली: (१) ५ कोटी ४० लाख रुपयांच्या आगाऊ रकमेस बँक गॅरंटी नाही, (२) दुसऱ्या पुरवठादाराचे दरपत्रक मंडळासमोर ठेवलेले नाही. हा मजकूर सभेत वाचून दाखवण्यात आला व त्यांनी तो बरोबर असल्याचे सांगितले.

रचनेकडे लक्ष द्या. चर्चा, निकाल, ठराव आणि सर्वांत शेवटी विरोधाची कारणं, असे वेगळे तुकडे आहेत. कारणांच्या मागे कोणाचं उत्तर नाही. व्यवस्थापनाचं म्हणणं आलं आहे, पण चर्चेच्या जागी, सभेत जसं सांगितलं तसं. हा समतोल फार कामाचा आहे: चर्चेच्या भागात व्यवस्थापनाची बाजू एका वाक्यातही नसेल तर बहुमतातले संचालक मसुद्यात ती घुसवू पाहतात, आणि मग ती विरोधाच्या कारणांना चिकटून उत्तर म्हणून येते. ठरावामागचं कारण मसुद्यात पहिल्यापासूनच असू द्या.

क्रियापदं साधी ठेवा: सांगितलं, विचारलं, नमूद केलं. 'दावा केला', 'मान्य केलं', 'ठासून सांगितलं' यांत लिहिणाऱ्याचं मत डोकावतं. आणि नेहमीप्रमाणे तृतीय पुरुष, भूतकाळ. फक्त ठराव वर्तमानकाळात.

शेवटचं वाक्य, "वाचून दाखवण्यात आला", ही खरी कडी आहे. ते आलं की मसुद्यावरची तक्रार "माझं म्हणणं पूर्ण आलं नाही" अशी राहत नाही. फार तर "मी आणखी काही म्हणायला हवं होतं" अशी उरते, आणि ती इतिवृत्तात बसत नाही.

मसुद्यावर दुरुस्त्या आल्या की

मसुदा प्रत्येक संचालकाला स्वतंत्र ई-मेलने पाठवा, एकाच मेलमध्ये सगळ्यांची नावं घालून नको. सोबत दोन ओळी: "अभिप्राय सात दिवसांत फक्त माझ्याकडे पाठवावेत. अभिप्राय इतिवृत्ताच्या अचूकतेबद्दल असावेत." ही साधी गोष्ट केली की 'रिप्लाय ऑल'ची निम्मी आग विझते, कारण रिप्लाय करायला 'ऑल' उरतच नाहीत.

आलेल्या प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न लावा: हे सभेत, त्या विषयावर, बोललं गेलं का? मग तीन खाती होतात. वरच्या उदाहरणात संचालिकांकडून चार मुद्दे आले असं धरू.

पहिला: मसुद्यात रक्कम '४ कोटी ५० लाख' पडली आहे, ती ५ कोटी ४० लाख हवी. सरळ चूक. लगेच सुधारा, आभार माना, कोणाला विचारायची गरज नाही.

दुसरा: "याच पुरवठादाराच्या आधीच्या दोन ऑर्डर उशिरा आल्या, हेही मी म्हणाले होते." टिपणं काढून पाहा. टिपणांत ते वाक्य चर्चेच्या वेळचं सापडतं, पण मतदानानंतर सांगितलेल्या दोन कारणांत नाही. म्हणजे ते बोललं गेलं होतं आणि सुटलं होतं. ते घ्यायचं, पण चर्चेच्या परिच्छेदात: "आधीच्या दोन ऑर्डरी उशिरा आल्याकडे श्रीमती (नाव) यांनी लक्ष वेधले." कारणांच्या यादीत नाही. ती यादी वाचून दाखवून मान्य झाली आहे, ती आता कोणासाठीच उघडायची नाही. एकदा उघडली की व्यवस्थापकीय संचालकांनाही उत्तरासाठी ती उघडून हवी असेल.

तिसरा: पुरवठादाराचं पतमानांकन खाली आल्याचं सभेनंतर दोन दिवसांनी कळलं, ते घालावं. ही महत्त्वाची माहिती आहे, पण सभेत नव्हती. इतिवृत्त सभेत काय झालं ते सांगतं, तेव्हा कोणालाच माहीत नसलेली गोष्ट त्यात आली तर नोंद खोटी होते. आणि बाकी संचालक ती माहिती असूनही पैसे द्यायला तयार झाले, असा अर्थ निघतो. ही पुढच्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यायची गोष्ट आहे. आगाऊ रक्कम अजून गेली नसेल तर पुढच्या सभेचीही वाट न पाहता आजच अध्यक्षांच्या कानावर घालायची.

चौथा: "मंडळाने घाईघाईने निर्णय घेतला." सभेत हे कोणी म्हणालं नव्हतं. नाही.

आता समोरून व्यवस्थापकीय संचालक लिहितात: "आधीच्या ऑर्डरी उशिरा आल्या तरी पुरवठादाराने दंड भरला होता, हे घाला." तोच प्रश्न: सभेत सांगितलं होतं का? टिपणांत नाही. मग तेही नाही. दोन्ही बाजूंना एकच मोजपट्टी लागते, हे दोघांच्याही लक्षात यायला हवं. म्हणून उत्तर देताना "अध्यक्षांनी नाकारलं" असं न लिहिता "हा मुद्दा सभेच्या टिपणांत आढळत नाही, त्यामुळे या सभेच्या इतिवृत्तात घेता येत नाही. पुढच्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावयाचा असल्यास कळवावे" असं लिहा. नकार आणि पुढची वाट एकाच वाक्यात मिळाली की संचालक सहसा थांबतात.

सभेचं रेकॉर्डिंग असेल (व्हिडिओ कॉन्फरन्सिंगच्या सभेचं रेकॉर्डिंग निदान त्या वर्षाचं लेखापरीक्षण पूर्ण होईपर्यंत जपून ठेवायचं असतं), तर वादातला तेवढाच भाग सेक्रेटरींनी ऐकावा आणि टिपणाशी ताडून पाहावा. त्याची शब्दशः प्रत करून सगळ्यांना फिरवू नये. तशी प्रत गेली की प्रत्येक जण आपलंच वाक्य शोधतो आणि "हेही घ्या" म्हणतो. इतिवृत्त शब्दशः असण्याची अपेक्षाच नाही.

तारखांचा हिशेब

एसएस-१ प्रमाणे मसुदा सभेनंतर १५ दिवसांत पाठवायचा, अभिप्रायाला ७ दिवस, आणि मिनिट बुकमध्ये नोंद सभा संपल्यापासून ३० दिवसांत. सभा १२ जूनला झाली आणि मसुदा शेवटच्या दिवशी, २७ जूनला गेला, तर अभिप्राय ४ जुलैपर्यंत आणि नोंद १२ जुलैपर्यंत. मध्ये फक्त आठ दिवस उरतात. विरोध असलेल्या ठरावाला ते पुरत नाहीत, कारण दुसरी फेरी लागतेच. अशा सभेचा मसुदा पाचव्या दिवसाच्या आत पाठवा. १७ जूनला गेलेल्या मसुद्यावर २४ जूनपर्यंत अभिप्राय येतात आणि अध्यक्षांना निवांत वाचायला अडीच आठवडे राहतात. शिवाय पाचव्या दिवशी सगळ्यांना सभा नीट आठवत असते. पंधराव्या दिवशी प्रत्येकाला वेगळी सभा आठवते.

सात दिवसांत अभिप्राय आला नाही तर मसुदा मान्य समजला जातो. उशिरा आलेला अभिप्राय विचारात घ्यायचा की नाही हे अध्यक्ष ठरवू शकतात, मंडळाने त्यांना तसा अधिकार दिला असेल तर. रकमेसारखी चूक असेल तर उशीर बघत बसू नये.

स्वतंत्र टिपण जोडून द्या, असा आग्रह

हा सर्वांत मोहक आणि सर्वांत धोकादायक मार्ग आहे. संचालक म्हणतात, "माझं टिपण परिशिष्ट म्हणून जोडा, तुम्ही एक शब्द बदलू नका." सेक्रेटरींनाही सुटल्यासारखं वाटतं. पण परिशिष्ट एकाचं जोडलं की दुसऱ्याचं नाकारायला आधार उरत नाही, आणि इतिवृत्ताची फाइल खटल्याच्या कागदांसारखी दिसू लागते.

इथे वेळ बघा. टिपण सभेतच, मतदानाआधी मांडलं गेलं असेल तर तो सभेच्या कामकाजाचा भाग आहे. इतिवृत्तात "श्रीमती (नाव) यांनी दोन पानी टिपण सभेत सादर केले" असं लिहा, टिपणावर ओळख पटण्यासाठी सेक्रेटरींची लघुसही आणि तारीख घ्या आणि ते सभेच्या कागदपत्रांसोबत ठेवा. कारणं म्हणून तरीही दोन-तीन वाक्यंच घ्या. टिपण सभेनंतर आलं असेल तर ते त्या सभेचं नाही. ते मंडळाला लिहिलेलं पत्र आहे. पुढच्या सभेत "पत्रव्यवहार" या विषयाखाली ठेवा आणि त्या सभेच्या इतिवृत्तात ते मिळाल्याची नोंद घ्या. संचालकांच्या दृष्टीनेही हे पुरेसं आहे: तारखेसह पत्र मंडळासमोर आल्याचा पुरावा राहतो.

अध्यक्षांची कात्री

विवेकाधिकार आहे म्हणून तो मजकूर छोटा करायला वापरू नये. बदनामीकारक शब्द, असंबद्ध भाग, कंपनीला बाधक ठरणारा तपशील यांसाठीच तो आहे. "पुरवठादार आणि व्यवस्थापन यांचं साटंलोटं आहे" हे वाक्य गाळता येईल. "बँक गॅरंटी नाही" हे गाळता येणार नाही, ते कितीही अडचणीचं असलं तरी. शब्द गाळायचे असतील तर शक्यतो सभेतच, मजकूर वाचून दाखवताना सांगा: "हा शब्द मी घेत नाही, मुद्दा ठेवतो. कसा मांडाल?" संचालक स्वतःच दुसरा शब्द देतात. हीच काटछाट मसुद्यात केली तर ती चोरून केल्यासारखी वाटते, आणि ती वाटते तशीच असते.

पुढच्या सभेत

कार्यक्रमपत्रिकेवर विषय "मागील सभेच्या इतिवृत्ताची नोंद घेणे" असा लिहा, "इतिवृत्तावर चर्चा" असा नको. मिनिट बुकमध्ये नोंद झालेलं इतिवृत्त बदलायचं तर मंडळाची स्पष्ट मान्यता लागते आणि बदल झाल्याची नोंद त्या पुढच्या सभेच्या इतिवृत्तात करावी लागते. म्हणून अध्यक्षांनी एवढंच विचारावं: "अचूकतेबद्दल काही?" कोणी "हा निर्णयच चुकीचा होता" म्हणालं तर तो अचूकतेचा प्रश्न नाही. निर्णयाचा फेरविचार हवा असेल तर स्वतंत्र विषय, स्वतंत्र सूचना.

फेरविचार होऊन ठराव बदललाच, तरी जुन्या सभेतला विरोध जसाच्या तसा राहतो. मागे जाऊन तो पुसत नाहीत आणि त्यात "पुढे मंडळाने हे म्हणणे स्वीकारले" अशी ओळही घालत नाहीत. नव्या ठरावात जुन्या ठरावाचा उल्लेख येतो, तेवढं पुरे.

काही आडवळणाच्या वेळा

मतदानाआधी निघून गेलेले संचालक विरोधक नाहीत आणि तटस्थही नाहीत. कोणत्या विषयापासून ते सभेत नव्हते, ते लिहा. न आलेल्या संचालकांनी आधी ई-मेलने विरोध कळवला असेल, तर ई-मेल वाचल्याची नोंद करता येते, पण त्यांचं नाव विरोधकांत येत नाही, कारण मत सभेतच द्यावं लागतं. ठराव परिपत्रकाने फिरवून मंजूर झाला असेल, तर त्याचा मजकूर आणि कोणी विरोध केला किंवा तटस्थ राहिलं ते पुढच्या सभेच्या इतिवृत्तात येतं. तिथे कारणं घ्यायची झाली तर मत कळवताना लिहिलेलीच घ्या, त्या सभेत नव्याने सांगितलेली नको.

आणि सभेत बाजूने किंवा गप्प राहून चौथ्या दिवशी "माझाही विरोध लिहा" म्हणणारे. इथे नम्रपणे पण ठाम राहावं लागतं. अध्यक्षांनी निकाल नावांसह जाहीर केला होता का, एवढंच तपासायचं. केला असेल आणि तेव्हा त्यांनी काही म्हटलं नसेल, तर नाव बदलत नाही. ते लेखी कळवत असतील तर ते पत्र पुढच्या सभेत ठेवलं जातं. निकाल नावांसह जाहीर केला नसेल तर मात्र सेक्रेटरींकडे सांगण्यासारखं काही नसतं. मग प्रत्येकाला विचारत बसावं लागतं की त्या दिवशी तुमचा हात वर होता की नाही, आणि सातपैकी निदान दोघांना ते आठवत नाही.